गुलाबी गोळी किती मिलिग्रॅमची?

लंडनच्या औषध दुकानात वॉरफरिनची गुलाबी गोळी हातात आली, तर ती ५ मिलिग्रॅमची असते. न्यू जर्सीत आली, तर १ मिलिग्रॅमची. औषध तेच, रंग तोच, ताकदीत मात्र पाचपट फरक. पांढऱ्या गोळीचा फरक तर याहून मोठा आहे. इंग्लंडमध्ये पांढरी म्हणजे अर्धा मिलिग्रॅम आणि अमेरिकेत पांढरी म्हणजे १० मिलिग्रॅम. निळी गोळी इंग्लंडमध्ये ३ची, अमेरिकेत ४ची. मुलगा इंग्लंडला, मुलगी अमेरिकेला आणि हृदयाची झडप बदललेली आई छत्रपती संभाजीनगरात, अशी घरं आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाहीत. ती आई वर्षातून एकदा कुणाकडे तरी जाते आणि सोबतच्या गोळ्या संपल्या की तिकडच्या दुकानातून घेते. म्हणून या रंगांची कुळकथा मुळापासून पाहायला हवी.

ही कथा सुरू होते गोठ्यात. १९२०च्या सुमारास कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं विचित्र पद्धतीने दगावू लागली. शिंगं कापली, खच्ची केलं किंवा नुसतं कुठे खरचटलं, तरी रक्त थांबायचं नाही. फ्रँक स्कोफिल्ड या कॅनडातल्या पशुवैद्याने माग काढला, तेव्हा दोष चाऱ्यात निघाला. तिकडे स्वीट क्लोव्हर नावाची वनस्पती चाऱ्यासाठी लावत. आपल्या मेथीच्या जवळच्या नात्यातली ही वनस्पती. ताजी खाल्ली तर काही होत नसे. पण ओलसर राहून बुरशी लागलेला तिचा वाळका चारा खाल्लेली जनावरं आतल्या आत रक्तस्राव होऊन मरत.

फेब्रुवारी १९३३मध्ये विस्कॉन्सिन राज्यातला एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळातून गाडी हाकत मॅडिसन गावच्या विद्यापीठात पोचला. गाडीत एक मेलेली कालवड होती, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त होतं आणि सोबत सडक्या चाऱ्याचा ढीग होता. शनिवार असल्याने पशुवैद्यांचं कार्यालय बंद. उघडं दार मिळालं ते कार्ल पॉल लिंक या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेचं. चारा बदला, जमलं तर जनावराला रक्त द्या, एवढंच त्या दिवशी लिंक त्याला सांगू शकले. पण कॅनमधलं ते रक्त त्यांच्या सहकाऱ्यांना स्वस्थ बसू देईना. सहा वर्षांनी, १९३९मध्ये, त्यांचा सहकारी हॅरॉल्ड कॅम्पबेल याने चाऱ्यातल्या विषाचे शुद्ध स्फटिक वेगळे काढले. क्लोव्हरला जो गोडसर वास असतो तो कूमरिन नावाच्या द्रव्याचा. बुरशी त्याचं रूपांतर डायकूमरॉलमध्ये करते आणि रक्त गोठू न देणारं विष ते हेच.

पुढे याच कुळातलं एक जास्त तिखट रसायन लिंक यांनी उंदीर मारण्यासाठी निवडलं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विद्यापीठाच्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला वॉरफरिन म्हटलं गेलं आणि १९४८मध्ये ते बाजारात आलं. माणसाला हे देण्याचं धाडस सुरुवातीला कुणी केलं नाही. १९५१मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका जवानाने जीव द्यायच्या इराद्याने हे उंदराचं औषध दिवसामागून दिवस खाल्लं. तरीही के जीवनसत्त्व आणि रक्त देऊन डॉक्टरांनी त्याला वाचवलं. या विषाला उतारा आहे, हे त्यातून दिसलं. १९५४मध्ये वॉरफरिनला माणसांसाठी मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते देण्यात आलं.

रंगांची गरज या औषधाच्या स्वभावातूनच आली. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यांना के जीवनसत्त्व लागतं. वापरून झालेलं हे जीवनसत्त्व शरीर पुन्हा कामाला जुंपतं. वॉरफरिन नेमकी ती वाट अडवतं. कुणाचं यकृत औषध पटकन निपटतं, कुणाचं सावकाश. कुणाच्या ताटात रोज पालक, मेथी, अंबाडी असते, म्हणजे के जीवनसत्त्व भरपूर, तर कुणाच्या ताटात नसते. त्यामुळे एकाला दिवसाला २ मिलिग्रॅम पुरतात आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ८ लागतात. सगळ्यांना एकच मात्रा चालत नाही. रक्त तपासायचं आणि मात्रा थोडी वर, थोडी खाली करायची, हा एकच मार्ग. आपल्याकडे या तपासणीला सगळे ‘पीटी’ म्हणतात. तिचा निकाल आयएनआर या आकड्यात येतो. निरोगी माणसाचा आयएनआर एकच्या आसपास असतो. पायात गुठळी झालेल्याचा २ ते ३ ठेवतात आणि मायट्रल जागी यांत्रिक झडप बसवलेल्याचा साधारण अडीच ते साडेतीन. याच्या खाली घसरला की गुठळीचं भय आणि वर चढला की रक्तस्रावाचं.

मात्रा अशी सारखी हलणार असेल, तर गोळ्या अनेक ताकदीच्या लागतात. अमेरिकेत वॉरफरिनच्या नऊ ताकदी आहेत. या सगळ्या गोळ्या साधारण सारख्याच आकाराच्या, म्हणून ताकदीनुसार रंग दिले गेले. तिकडे १ची गुलाबी, २ची जांभळट, अडीचची हिरवी, ३ची फिकट तपकिरी, ४ची निळी, ५ची पीच फळाच्या रंगाची, ६ची मोरपंखी, साडेसातची पिवळी आणि १०ची पांढरी असते. पांढरी पांढरी का, यालाही कारण आहे. तिच्यात रंगद्रव्य नसतं, त्यामुळे रंगाची ॲलर्जी असणाऱ्याला तिचे तुकडे करून देता येतात. १९९७मध्ये तिथे वॉरफरिनची जेनेरिक गोळी आली. कंपनी वेगळी होती, पण तिनेही तेच रंग ठेवले आणि पुढच्यांनीही तीच वाट धरली. इंग्लंडने स्वतःचा वेगळा संच ठरवला: अर्ध्याची पांढरी, १ची तपकिरी, ३ची निळी, ५ची गुलाबी. ऑस्ट्रेलियात तर दोन ब्रँडचे दोन संच शेजारीशेजारी नांदले. एकाची ५ची गोळी हिरवी, दुसऱ्याची गुलाबी.

तरीही या प्रत्येक पद्धतीला आपल्या हद्दीत अर्थ आहे. इंग्लंडमधल्या आजोबांच्या हातात निळीऐवजी गुलाबी गोळी पडली, तर ताकद बदलली हे त्यांना आपोआप कळतं. फोनवर नर्सने विचारलं, “कुठल्या रंगाची घेता?” तर उत्तराला किंमत असते.

आपल्याकडे हा आधार नाही. कुठल्या ताकदीला कुठला रंग, याचा देशभर लागू असा संकेत भारतात नाही. कुठले रंग खाण्याजोगे, याचे नियम आहेत, पण २ची गोळी गुलाबी करायची की पिवळी, हे कंपनी ठरवते. त्यातून आपल्याकडे एक नव्हे, दोन औषधं चालतात: वॉरफरिन आणि ॲसेनोक्युमेरॉल. झडपेच्या रुग्णांच्या हातात बहुतेक वेळा दुसरं दिसतं. काही पट्ट्यांवर त्याचं जुनं नाव, निकोमॅलोन, असंही छापलेलं असतं. ही दोन्ही एकाच कुळातली असली तरी मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लागू पडत नाहीत. ॲसेनोक्युमेरॉलचा १ मिलिग्रॅम ढोबळमानाने वॉरफरिनच्या २ मिलिग्रॅमचं काम करतो. त्यामुळे नुसतं ‘दोनची गोळी’ म्हटलं तरी पुरत नाही.

परिणाम असा की आपल्या रुग्णासाठी रंग बदलण्याचे दोन अर्थ होतात. एक, कंपनी बदलली आणि औषध तेवढंच आहे. दुसरा, ताकद बदलली. पहिली गोष्ट इतक्या वेळा घडते की दुसरी घडते तेव्हा माणूस तिला पहिलीच समजतो. माझ्या मते आपल्याकडच्या धोक्याचं मूळ इथे आहे. रंगाकडे दुर्लक्ष करायचं, हे आपण रुग्णाला अनुभवानेच शिकवून ठेवलं आहे.

हे कसं घडतं ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली एकही पायरी अशक्य नाही. समजा, कन्नड तालुक्यातल्या एका मावशींना लहानपणी ऱ्हुमॅटिक ताप आला होता. घसा दुखला, सांधे सुजले, बरं वाटलं आणि विषय संपला. पण हृदयाची मायट्रल झडप हळूहळू आकसत गेली आणि चाळिशीत ती बदलावी लागली. बसवलेली झडप यांत्रिक आहे. अशी झडप भारतातही बनते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडवलेली झडप पहिल्यांदा डिसेंबर १९९०मध्ये एका रुग्णाला बसवली गेली आणि परदेशी झडपेपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते. झडप कुठलीही असो, यांत्रिक असेल तर गोळी जन्मभर लागते. आयएनआर पाहायची गरज नसलेल्या नव्या गोळ्या आता आल्या आहेत, पण यांत्रिक झडपेला त्या चालत नाहीत. डॅबिगॅट्रान हे त्यांतलं एक औषध अशा रुग्णांत तपासून पाहिलं गेलं, तेव्हा गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले आणि ती चाचणी थांबवावी लागली.

मावशी ॲसेनोक्युमेरॉल १ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज संध्याकाळी घेतात. म्हणजे दिवसाला २ आणि आठवड्याला १४ मिलिग्रॅम. मागचा आयएनआर २.९, उत्तम. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं आहे: ‘रोज २ गोळ्या’. मिलिग्रॅमचा आकडा गोळीच्या नावाशेजारी आहे, पण बारीक आणि घाईत काढलेला. घाटी रुग्णालयासमोरच्या औषध दुकानांत दुपारी किती गर्दी असते, हे शहरातल्या कुणालाही सांगायला नको. त्या दिवशी १ची पट्टी संपलेली असते. दुकानातला मुलगा २ची पट्टी काढतो. एकच्या ऐवजी दोनची देतोय तेव्हा एकच घ्या, हे त्याने सांगायला हवं, पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक हात पुढे करतं. मावशी विचारतात, “रंग येगळा दिसतोय का रे?” तो म्हणतो, “कंपनी बदललीय मावशी, गोळी तीच.” आणि त्याचा खरंच तसा समज असतो.

आता मावशी रोज दोन गोळ्या घेतात, म्हणजे ४ मिलिग्रॅम. आठवड्याचे १४चे झाले २८. याचं गांभीर्य कळायचं असेल, तर डॉक्टर मात्रा कशी बदलतात ते पाहावं लागतं. आयएनआर थोडा कमी आला, तर आठवड्याच्या एकूण मात्रेत साधारण पाच ते वीस टक्के वाढ करतात. १४चे १५ किंवा १६ होतात. इथे एका झटक्यात दुप्पट झाली.

आणि त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही फारसं नाही. हे औषध रक्तात आधीपासून असलेल्या गोठवणाऱ्या घटकांना हात लावत नाही, फक्त नव्यांची निर्मिती अडवतं. जुने आपल्या गतीने झिजतात. त्यांतला एक सहा तासांत निम्मा होतो, पण प्रोथ्रोम्बिन हा मुख्य घटक निम्मा व्हायला अडीच-तीन दिवस लागतात. तोवर चुकीची मात्रा रोज वरून पडतच असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं. दंडावर न आपटता काळानिळा डाग उठतो. पुढे लघवी चहासारखी लालसर होते किंवा शौचाला डांबरासारखी काळी होते. इतक्या दिवसांनी दिसणाऱ्या या खुणांचा संबंध आठवड्यापूर्वी बदललेल्या पट्टीशी जोडायला कुणालाच सुचत नाही. बाई म्हणतात, उष्णता झाली. यात डोकं दुखू लागलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं किंवा डोक्याला नुसता मार लागला, तरी घरी थांबायचं नाही. मेंदूतला रक्तस्राव हाच या औषधाचा सर्वात घातक परिणाम.

मावशी हिरड्यांच्या रक्तावरच सावध झाल्या आणि पीटी करून आल्या, असं धरू. आयएनआर निघाला ७. रक्तस्राव मोठा नसेल, तर डॉक्टर बहुधा एक-दोन दिवस गोळी बंद ठेवतात आणि पुन्हा तपासतात. आकडा १०च्या वर गेला तर के जीवनसत्त्वाची लहान मात्रा तोंडाने देतात. खूप रक्त जात असेल तर ते शिरेतून देतात, जोडीला प्लाझ्मासारखे गोठवणारे घटकही देतात. इथे एक अडचण आहे. उतारा जास्त झाला, तर पुढचे कित्येक दिवस गोळीचा असर होत नाही आणि यांत्रिक झडपेवर गुठळी बसायची भीती उभी राहते. म्हणून बाटलीभर के जीवनसत्त्व देऊन मोकळं होता येत नाही.

उलट दिशेची चूक याहून गुपचूप घडते. २ची सवय असलेल्याला १ची पट्टी मिळाली आणि तो एकच घेत राहिला, तर ना रक्त येतं, ना डाग उठतो. माणूस अगदी ठणठणीत वाटतो. यांत्रिक झडपेच्या कित्येक रुग्णांना रात्री शांततेत आपल्या झडपेची टिकटिक ऐकू येते. गुठळी बसली की तो आवाज मंदावतो, बोथट होतो किंवा बंद पडतो. दम लागणं, अचानक एक हात लुळा पडणं, या पुढच्या गोष्टी. टिकटिक बदलली असं वाटणारा रुग्ण तपासणीसाठी आला, तर त्याच्याकडे लक्ष द्यायला हवं. अनेकदा तोच पहिला निरोप असतो.

मग रंगाचं करायचं काय? रंग वापरायचा, पण फक्त प्रश्न विचारण्यासाठी. रंग बदलला तर गोळी तोंडात टाकायच्या आधी नवी पट्टी जुन्या पट्टीशेजारी ठेवून दोन गोष्टी जुळवायच्या: औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम. ब्रँडचं नाव वेगळं असलं तरी हरकत नाही. आणि रंग तोच आहे म्हणून निर्धास्तही राहायचं नाही, कारण दुसऱ्या कंपनीची दुसऱ्या ताकदीची गोळी त्याच रंगाची असू शकते. मोतीबिंदू पिकत चाललेल्या डोळ्याला पांढरं पिवळसर दिसतं आणि निळा-जांभळा फरक पुसट होतो. हे औषध घेणारे पुष्कळजण त्याच वयाचे असतात.

आपल्या दुकानांतली एक रीत मात्र या पडताळणीच्या मुळावर येते. पट्टी कात्रीने कापून देणं. आठवड्याच्याच गोळ्या परवडतात म्हणून रुग्ण सात मागतो आणि दुकानदार दहाच्या पट्टीतल्या तीन कापून ठेवतो. नाव आणि ताकद बहुधा ज्या भागावर असते, तो भाग कापण्यात गेला, तर रुग्णाच्या हातात उरते चकचकीत कागदात बंद एक रंगीत गोळी. तिच्याबद्दल रंगाखेरीज काहीच सांगता येत नाही, आणि रंगाला आपल्याकडे अर्थ नाही. गोळ्या सात घ्या, पण नाव-ताकद दिसणारं टोक मागून घ्या. नाही मिळालं तर दुकानदाराकडून पाकिटावर लिहून घ्या. गोळ्या पट्टीतून काढून डबीत ओतून ठेवणंही याच कारणाने टाळावं, विशेषतः घरात दोन ताकदीच्या गोळ्या असतील तेव्हा.

लिहिण्यातही घोटाळे आहेत. ‘अर्धा’ आकड्यात लिहिताना टिंबाच्या आधीचं शून्य गाळलं आणि टिंब फिकट उमटलं, तर अर्ध्याचे पाच होतात. आपला देवनागरी १ घाईत काढला की इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. चिठ्ठी इंग्रजीत, वही मराठीत, पट्टी पुन्हा इंग्रजीत, अशा घरात हा घोटाळा व्हायला वेळ लागत नाही. अशा औषधाची मात्रा अक्षरांत लिहावी, हेच बरं. इंग्लंडमध्ये २००७ साली रुग्णसुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने या औषधांबद्दल खास इशारा काढला. मात्रा गोळ्यांच्या संख्येत न सांगता मिलिग्रॅममध्ये सांगावी, हा आग्रह तिथे धरला जातो. रंगांचा पक्का संच असलेल्या देशाला त्याची गरज भासते, तर आपल्याला ती कितीतरी जास्त आहे.

परदेशी जाणाऱ्या आईसाठी तर हे आणखी निकडीचं. मुक्काम पुरेल एवढ्या गोळ्या मूळ पट्ट्यांत, हातातल्या सामानात. तिकडच्या डॉक्टरांना ॲसेनोक्युमेरॉल परिचयाचं नसेल आणि त्यांनी वॉरफरिन सुरू केलं, तर जुन्या मिलिग्रॅमचा आकडा तसाच उचलायचा नाही. नव्याने मात्रा बसवायची आणि सुरुवातीला दर काही दिवसांनी आयएनआर पाहायचा. “मी गुलाबी गोळी घेते,” हे वाक्य विमानतळ ओलांडलं की निरुपयोगी ठरतं.

वहीतली नोंद कशी असावी, तर अशी: तारीख बारा. आयएनआर दोन पूर्णांक नऊ. औषध ॲसेनोक्युमेरॉल. सोमवार, बुधवार, शुक्रवार तीन मिलिग्रॅम, बाकी चार दिवस दोन मिलिग्रॅम. आठवड्याचे एकूण सतरा. घरातल्या गोळ्या एक मिलिग्रॅमच्या. पुढची तपासणी चार आठवड्यांनी, आणि पट्टी बदलली तर त्याच आठवड्यात.